पासवर्ड खरा, धमकी खोटी: जुना पासवर्ड दाखवून पैसे मागणारा मेल कसा ओळखायचा

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला बेळगावातल्या शहापूरहून मामांचा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, "तू एकटाच आहेस काय? मग बोलतो." मामा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेत. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. घरात कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, असंच मला वाटलं. बराच वेळ आढेवेढे घेऊन शेवटी म्हणाले, "एक मेल आलाय. त्यात माझा पासवर्ड लिहिलाय रे. खरा पासवर्ड. चार दिवस झाले, घास उतरत नाही. मामीला काय सांगू मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो आणि माडीवरच्या खोलीत दार लावून आम्ही दोघांनी तो मेल ओळ न ओळ वाचला. प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारला: हे खरं असेल तर अजून काय काय दिसायला हवं, आणि ते दिसतंय का? हा लेख त्या सकाळच्या वाचनातून आला आहे. मामांचा खरा पासवर्ड आणि पत्ता मी बदलून लिहिले आहेत, बाकी मजकूर जसा होता तसा.

मेलमध्ये काय होतं

विषयाच्या जागी दुसरं काही नव्हतं, नुसता पासवर्ड होता: `nipani1998`. मामांची 1998 साली निपाणीहून बेळगावला बदली झाली होती, त्या आठवणीचा. मेल आल्याचं दिसत होतं ते मामांच्या स्वतःच्याच पत्त्यावरून, म्हणजे मामांनीच मामांना पाठवल्यासारखा. मजकूर इंग्रजीत. त्याचा आशय असा होता: हा तुझा पासवर्ड आहे हे मला माहीत आहे. तू एक अश्लील संकेतस्थळ उघडलंस तेव्हा मी तुझ्या यंत्रात विषाणू घातला. तू कीबोर्डवर काय टाइप करतोस, पडद्यावर काय पाहतोस हे मला दिसतं, तुझा कॅमेराही माझ्या ताब्यात आहे. एका बाजूला तू पाहत होतास ते आणि दुसऱ्या बाजूला तू, असा व्हिडिओ मी तयार केला आहे. तुझे सगळे संपर्क मी उतरवून घेतले आहेत. 50 तासांत 1,200 डॉलर बिटकॉइनमध्ये दे, नाहीतर व्हिडिओ सगळ्यांना जाईल. या मेलमध्ये एक खास खूण आहे, त्यामुळे तू तो उघडल्याचं मला आत्ताच कळलं आहे.

1,200 डॉलर म्हणजे जवळजवळ एक लाख रुपये. आकडा असा निवडलेला असतो की निवृत्त माणसाला तो झेपत नाही, पण एखादी ठेव मोडली तर जमतो.

मेलची बांधणी नीट पाहा. त्यात सहा-सात दावे आहेत, पण वाचणाऱ्याला जागच्या जागी पडताळता येतो तो एकच: पासवर्ड. तो खरा निघतो. मग मन आपोआप बाकीचे दावेही खरे धरतं. मामांचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून आम्ही तपासाची सुरुवात पासवर्डापासूनच केली.

पासवर्ड त्याच्याकडे आला कुठून

मी विचारलं, "मामा, हा पासवर्ड तुम्ही शेवटचा कधी टाइप केला?" मामांनी बराच विचार केला. 2011 मध्ये खडेबाजारातल्या एका सायबर कॅफेत बसून त्यांनी मुलासाठी नोकरीच्या एका संकेतस्थळावर खातं काढलं होतं. तेव्हा हा पासवर्ड ठेवला होता. मुलगा पुण्याला लागला, खातं तसंच राहिलं. 2014 नंतर त्यांनी तो कुठेही वापरला नव्हता. आताच्या लॅपटॉपवर तर कधीच नाही. तो लॅपटॉप मुलानं घेऊन दिला तो 2020 साली.

इथेच धमकीचं पहिलं खोटं उघडं पडतं. त्याला मामांचा कीबोर्ड खरंच दिसत असता तर त्याच्या हाती आजचा पासवर्ड असता. पेन्शनच्या कामासाठी मामा महिन्यातून दोनदा तरी बँकेच्या संकेतस्थळावर जातात, मेल रोज उघडतात. हे सगळं सोडून तो दहा-बारा वर्षांपूर्वीचा, या यंत्रावर कधी टाइपच न झालेला पासवर्ड कशाला दाखवेल? त्याच्याकडे तेवढाच आहे, म्हणून.

आणि तेवढा तरी कसा आला? संकेतस्थळ आपला पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, निदान साठवू नये. तो एका गणिती प्रक्रियेतून काढून त्याचा एक लांबलचक ठसा बनवला जातो आणि तो ठसा साठवतात. ठशावरून उलट पासवर्ड काढता येऊ नये अशी अपेक्षा असते. पण ठसा काढायची पद्धत जुनी किंवा कच्ची असली, की चोर लाखो संभाव्य पासवर्डांचे ठसे काढून जुळवत बसतात आणि `nipani1998` सारखे सोपे पासवर्ड भराभर उलगडतात. लिंक्डइनचं उदाहरण सगळ्यांत जास्त अभ्यासलं गेलेलं आहे. तिथली चोरी 2012 सालची. तेव्हा सुमारे 65 लाख ठसे बाहेर आले होते. मे 2016 मध्ये कळलं की खरा आकडा 11 कोटी 70 लाखांच्या घरात आहे. म्हणजे चोरलेला माल चार वर्षं कुठेतरी पडून होता आणि मग बाजारात आला. जानेवारी 2019 मध्ये तर अनेक चोऱ्यांचा माल एकत्र केलेली एक थप्पी सापडली. तिचं नाव 'कलेक्शन नंबर 1', आणि त्यात 77 कोटींहून जास्त ईमेल पत्ते होते. अशा याद्यांत दर ओळीला एक पत्ता आणि त्यापुढे एक पासवर्ड, एवढंच असतं. धमकीचा मेल पाठवणाऱ्याला दुसरं काही लागतच नाही. याद्या वापरून असे मेल पाठवण्याची पहिली मोठी लाट जुलै 2018 मध्ये आली आणि ती अजून थांबलेली नाही.

आपला पत्ता अशा चोरीत सापडला का, हे पाहता येतं. `haveibeenpwned.com` हे संकेतस्थळ ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियातल्या सुरक्षातज्ज्ञानं डिसेंबर 2013 मध्ये सुरू केलं. पत्ता नेमका टाइप करा, कारण मिळत्याजुळत्या नावाची बनावट पानं असू शकतात. तिथे फक्त आपला ईमेल पत्ता द्यायचा. कुठल्या चोरीत तो आला, केव्हा, आणि त्यासोबत काय काय गेलं, याची यादी समोर येते. यादीत `Passwords` हा शब्द दिसला की त्या चोरीत पासवर्डही गेले असं समजा. तुमचा पासवर्ड मात्र ते संकेतस्थळ दाखवत नाही, आणि या तपासात तो तुम्हाला विचारतही नाही. पत्ता तपासतो म्हणून पासवर्ड मागणारं कुठलंही पान दिसलं तर ते तिथल्या तिथे बंद करा.

मामांच्या पत्त्यापुढे चार नोंदी निघाल्या. त्यातली एक त्याच नोकरीच्या संकेतस्थळाची होती. मामा तो पडदा बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे घरात कोण शिरलं नाही. मी बारा वर्षांपूर्वी किल्ली जिथं ठेवली होती, तिथून चोरली."

एक मर्यादा लक्षात ठेवा. यादीत तुमचा पत्ता सापडला नाही, म्हणून पासवर्ड फुटलाच नाही असं होत नाही. सगळ्याच चोऱ्या त्या संकेतस्थळापर्यंत पोचत नाहीत. तेव्हा खात्रीची कसोटी पहिलीच: हा पासवर्ड मी कधी, कुठल्या यंत्रावर, कशासाठी वापरत होतो?

मेल माझ्याच पत्त्यावरून कसा आला

मामांना पासवर्डाखालोखाल याचीच भीती वाटत होती. "माझ्या खात्यातून पाठवलाय म्हणजे खातं त्याच्याच हातात आहे की."

आपल्याकडे पूर्वी अंतर्देशीय पत्रं यायची. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता या जागेत कुणीही काहीही लिहिलं तरी पोस्टमन विचारत नसे. पण पोस्टाचा शिक्का पत्र ज्या गावात टाकलं, त्याच गावचा पडायचा. ईमेलचंही तसंच आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता दिसतो ती जागा पाठवणारा स्वतः भरतो. शिक्के मात्र आत असतात आणि ते पाहता येतात.

जीमेलमध्ये हे कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये करावं लागतं, मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही. मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि `Show original` निवडा. नवं पान उघडतं. त्याच्या वरच्या चौकटीत `SPF`, `DKIM`, `DMARC` या शिक्क्यांच्या ओळी असतात आणि त्यांपुढे `PASS` किंवा `FAIL` असा शेरा दिसतो. एखादी ओळ नसतेही. खाली मूळ मजकूर असतो. मामांच्या मेलमधला कामाचा भाग असा होता:

```
From: <mama@example.com>
To: <mama@example.com>
Subject: nipani1998
spf=softfail (client-ip=203.0.113.45)
dmarc=fail header.from=example.com
```

मराठीत सांगायचं तर, हा मेल ज्या यंत्राकडून आला त्याला या पत्त्याच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार नाही. `softfail` हा `fail` चाच थोडा मवाळ शेरा आहे. आपल्याच पत्त्यावरून आलेल्या मेलपुढे `DMARC` ला `FAIL` दिसलं, की पत्ता बाहेरून चिकटवलेला आहे, खात्यातून कुणी काही पाठवलेलं नाही, असं खुशाल समजा.

`Sent` या फोल्डरवर मात्र विसंबू नका. एप्रिल 2018 मध्ये बऱ्याच जीमेलधारकांना, त्यांनी कधीच न पाठवलेले मेल `Sent` मध्ये दिसले होते. खाती फुटली नव्हती. पाठवणाऱ्याच्या जागी भरलेला बनावट पत्ता वाचून जीमेलनंच ते तिथे ठेवले होते.

शेरे उलटे आले, म्हणजे पत्ता तुमचा आणि `DMARC` ला `PASS`, तर गोष्ट वेगळी आहे. मग खात्यात कुणीतरी खरंच शिरलेलं असू शकतं, आणि पुढे सांगितलेली खात्याची तपासणी त्याच मिनिटाला करायची. मेल तिऱ्हाईत पत्त्यावरून आलेला असेल तर `PASS` ला काहीच अर्थ नाही. तो त्या तिऱ्हाईताच्या पत्त्यावरूनच निघाला, एवढंच त्यावरून कळतं.

व्हिडिओ, खूण आणि बिटकॉइन

व्हिडिओबद्दल मामांना बोलवेना. मीही विचारलं नाही, कारण तपासाला त्याची गरज नव्हती. कोण काय पाहतं यावर मेलचा खरेपणा ठरत नाही. ज्यांनी आयुष्यात असलं काही पाहिलं नाही त्यांनाही हाच मजकूर येतो आणि ज्यांच्या यंत्राला कॅमेराच नाही त्यांनाही येतो. मामांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तर पहिल्या दिवसापासून मुलानं चिकटपट्टी लावून ठेवलेली होती. चार दिवस घाबरून मामा त्याच लॅपटॉपपुढे बसत होते आणि ती पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण भीतीत ती त्यांना दिसलीच नाही.

ज्याच्याकडे खरंच व्हिडिओ असतो तो त्यातलं एक चित्र पाठवतो. त्याचं काम एका चित्रात होतं, पानभर मजकुराची त्याला गरज पडत नाही. मामांच्या मेलमध्ये चित्र नव्हतं. त्यांचं नाव नव्हतं, यंत्राचं नाव नव्हतं, त्या संकेतस्थळाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, एकाही संपर्काचं नाव नव्हतं. पासवर्ड आणि पत्ता वगळला तर तोच मेल हुक्केरीच्या डॉक्टरला किंवा खानापूरच्या शिक्षिकेला एक अक्षर न बदलता पाठवता आला असता. हे वाचन तुम्हीही करून पाहा: आपला पासवर्ड आणि पत्ता झाकून मेल वाचा. उरलेल्यात फक्त तुमच्याचबद्दल खरं असेल असं एक तरी वाक्य सापडतं का?

काही मेलमध्ये नाव, फोन नंबर, घरचा पत्ताही असतो. 2024 मध्ये अमेरिकेतल्या अनेकांना आलेल्या मेलना तर घराचं रस्त्यावरून दिसणारं चित्र जोडलेलं होतं, ते ऑनलाइन नकाशावरून उचललेलं. हेही चोरीच्या यादीतूनच येतं. पत्ता यादीत होता, नकाशा सगळ्यांना खुला आहे. घरासमोर कुणी उभं राहिलेलं नाही.

मेल उघडल्याची 'खास खूण' म्हणजे मेलमध्ये दडवलेलं एक अतिसूक्ष्म चित्र. असं तंत्र असतं, जाहिरातवाले ते वापरतातही. पण `Show original` च्या पानावर `Content-Type: text/plain` एवढंच असेल, तर मेल नुसत्या अक्षरांचा आहे आणि त्यात चित्र असूच शकत नाही. मामांचा तसाच होता. आणि चित्र असतं तरी काय कळलं असतं? मेल उघडला गेला, एवढंच. त्यामुळे 50 तासांचं घड्याळ कुठेही चालू झालेलं नसतं.

राहिला बिटकॉइनचा पत्ता. ही अक्षरांची आणि आकड्यांची लांब ओळ असते, `1`, `3` किंवा `bc1` नं सुरू होणारी. ती ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधली, किंवा `chainabuse.com` वर टाकून पाहिली, तर बहुतेक वेळा इतरांनी केलेल्या तक्रारी सापडतात. मामांच्या मेलमधल्या पत्त्यावर अकरा तक्रारी होत्या आणि सगळ्यांचा मजकूर तोच. एकच पत्ता अनेकांना दिलेला असेल तर पैसे नेमके कुणी भरले हे पाठवणाऱ्यालाच कळायची सोय नाही. मग 'पैसे दिलेस की तुझा व्हिडिओ पुसतो' या वचनाला काय किंमत? पत्त्यावर एकही तक्रार नसेल तरी घाबरू नका. काही टोळ्या सतत नवे पत्ते काढतात.

हा धंदा कसा चालतो त्याचा एक तपास 'चेक पॉइंट' या सुरक्षा कंपनीनं ऑक्टोबर 2019 मध्ये मांडला होता. 'फोर्पिएक्स' नावाच्या विषाणूनं लोकांची यंत्रं ताब्यात घेऊन त्यांच्याकडूनच हे मेल पाठवले जात होते, तासाला 30,000 पर्यंत, चोरीच्या याद्यांमधले पत्ते आणि पासवर्ड भरून. पाच महिन्यांत त्या टोळीच्या खात्यांत 14 बिटकॉइनहून जास्त जमा झाले. एवढे मेल पाठवणारा एकेकाचा व्हिडिओ बनवत बसत नाही, त्याला वेळही नाही आणि गरजही नाही. हजारांत एखादा घाबरतो, त्यावर त्याचं भागतं.

आता हातानं काय करायचं

सगळ्यांत आधी: उत्तर देऊ नका. 'मी काही केलेलं नाही' असंसुद्धा लिहू नका. उत्तर गेलं की पत्ता चालू आहे आणि माणूस घाबरलेला आहे, या दोन्ही गोष्टी कळतात. मेलमधली लिंक, क्यूआर कोड, जोडलेली फाइल, काहीही उघडू नका. या मेलचं सोंग खोटं असलं तरी जोडलेल्या फाइलमध्ये खरा विषाणू असू शकतो.

मेल पुसून टाकायची घाई करू नका. `Show original` च्या पानावर `Download Original` आहे, त्यानं शिक्क्यांसकट पूर्ण मेल फाइल म्हणून उतरवता येतो. पडद्याचा फोटो काढा. एका फोल्डरमध्ये ठेवा.

मग पासवर्ड. मेलमधला पासवर्ड आज जिथे जिथे चालू असेल तिथे तिथे तो बदलायचा. आठवत नसेल तर क्रोम वापरणाऱ्यांनी `passwords.google.com` वर जाऊन `Password Checkup` चालवावं. साठवलेल्या पासवर्डांपैकी कुठले फुटलेले आहेत आणि कुठले दोन-तीन ठिकाणी वापरलेले आहेत, ते तिथे कळतं. मामांचा फुटलेला पासवर्ड कुठेच चालू नव्हता. पण त्यातला `98` बदलून `99` केलेला दुसरा एक पासवर्ड विजेच्या बिलाच्या खात्याला होता. तोही बदलला. यादीवाले असे जवळचे पासवर्ड लावून पाहतात.

बदलताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं. ईमेल आधी का? कारण बाकी बहुतेक खात्यांचा 'पासवर्ड विसरलो' चा मेल तिथेच येतो. ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे `2-Step Verification`, चालू करा. मग पासवर्ड कुणाला कळला तरी फोनशिवाय आत जाता येत नाही.

आता खात्याची तपासणी, पाच मिनिटांची. `myaccount.google.com` वर `Security` मध्ये `Your devices` पाहा. आपलं नसलेलं यंत्र दिसलं तर तिथूनच ते बाहेर काढता येतं. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये `See all settings` निवडून दोन ठिकाणी नजर टाका: `Forwarding and POP/IMAP` आणि `Filters and Blocked Addresses`. खात्यात खरंच शिरलेला माणूस आपले मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर वळवून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी ते वळण चालूच राहतं, म्हणून ही जागा बघायचीच. मामांच्या खात्यात दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

लॅपटॉपवर विंडोजच्या `Windows Security` मध्ये `Virus & threat protection`, त्यात `Scan options`, त्यात `Full scan`. तासभर लागतो. मनाची खात्री होते म्हणून आम्ही तोही केला, काही निघालं नाही. एका दुकानात मामांना 'फॉरमॅटच मारावा लागेल' असं सांगितलं होतं. मेल एवढ्याच कारणासाठी फॉरमॅट करायची गरज नाही. पैसे जातात, फोटो जातात आणि पासवर्ड जिथून फुटला ती यादी तशीच राहते.

कधी हे वाचून निश्चिंत होऊ नये

मेलमध्ये आजचा, चालू पासवर्ड असेल तर धमकी बहुधा तरीही खोटीच आहे, कारण तोही यादीतून आलेला असू शकतो. पण पासवर्ड खरोखर उघडा आहे. अशा वेळी वरचं सगळं त्याच दिवशी करा आणि शक्य तर दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून करा. न मागता ओटीपी यायला लागले, ओळखीच्यांना तुमच्या नावानं मेल जायला लागले, तर खात्यात कुणीतरी शिरलेलं आहे असं धरून चाला.

समोरच्यानं खरं चित्र किंवा व्हिडिओ पाठवला, तर हा लेखातला प्रकार नव्हे. व्हॉट्सॲपवर अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, तो उचलला की पडदा रेकॉर्ड होतो आणि मग धमकी येते. ती टोळी वेगळी, तिथे रेकॉर्डिंग खरं असतं. तिथेही पैसे दिल्यानं मागणी थांबत नाही, पण गप्पही बसायचं नाही, लगेच तक्रार करायची. चित्रातली व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर ते चित्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नका, फोन तसाच पोलिसांपुढे ठेवा.

तक्रार, आणि पैसे गेले असतील तर

राष्ट्रीय मदत क्रमांक 1930. आपण कर्नाटकात राहतो, फोनचं सिम महाराष्ट्रातलं असतं, मुलगा कोल्हापूरला असतो, त्यामुळे आपल्या भागात तक्रार कुठे करायची यावरच बरेच लोक अडतात. 1930 दोन्ही राज्यांत एकच आहे. ऑनलाइन तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते. प्रत्यक्ष जायचं तर बेळगावात सीईएन पोलीस ठाणं आहे, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, मग तीन दिवसांत सही करावी लागते. पैसे उकळण्यासाठी धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खालचा गुन्हा आहे, आणि निनावी धमकीबद्दल कलम 351 आहे. तक्रारीत हे आकडे नसले तरी चालतं. मेलची तारीख आणि वेळ, बिटकॉइनचा पत्ता, मागितलेली रक्कम आणि उतरवलेली फाइल असावी. भाषेची अडचण वाटत असेल तर हकीकत आधी मराठीत मुद्देसूद लिहून काढा आणि कन्नड नीट येणाऱ्या माणसाला सोबत घ्या.

बिटकॉइन एकदा गेलं की परत बोलावता येत नाही. पण आपल्याकडचा घाबरलेला माणूस बिटकॉइन स्वतः घेत नाही. तो कुणाला तरी यूपीआयनं रुपये देतो आणि 'एवढं घेऊन पाठव' म्हणतो. रुपयांचा तो टप्पा बँकांमधून जातो. तिथे पैसे अडवायची शक्यता असते, ती पहिल्या काही तासांतच. म्हणून पैसे गेले असतील तर लाजेत दिवस घालवू नका, आधी 1930 लावा, मग घरी सांगा.

मामांनी त्या दिवशी दुपारी तक्रार नोंदवली आणि संध्याकाळी मामीला सगळं सांगितलं. मामी म्हणाल्या, "चार दिवस हेच होतं काय? मला वाटलं शुगर वाढली."

तीन आठवड्यांनी मामांचा परत फोन आला, या वेळी भर दुपारी. तोच पासवर्ड, नवा मजकूर, मागणी 700 डॉलर. `Show original` उघडून त्यांनी `FAIL` शेरा आधीच पाहिला होता, फाइल उतरवून फोल्डरमध्ये ठेवली होती. त्यांना एवढंच विचारायचं होतं की हाही पहिल्या तक्रारीला जोडायचा, की नवी करायची.